मॅडमचं पत्र आणि माझे 25

एम.ए. समाजशास्त्राच्या पहिल्या सत्रात आमच्या मॅडमनी वर्गाला पत्र दिलं होतं. मंगळवारी आणि गुरुवारी तीन ते पाच मी खोलीत असते. अडलं की त्याच आठवड्यात अडलेलं पान घेऊन या, परीक्षेची वाट पाहू नका. मी ते घडी करून वहीत ठेवलं. विचारलं तर 'कोट्यातला' म्हणतील, ही भीती.

अडलो होतो काय-स्क्वेअर चाचणीत. सरावाच्या गणितात 100 जण होते: 40 स्त्रिया, 60 पुरुष. 'हो' म्हणणारे 50. अपेक्षित संख्या काढताना मी 100 ला चार घरांनी भागायचो आणि प्रत्येक घरात 25 लिहायचो. उत्तर चुकलं की बेरजा पुन्हा तपासायचो. बेरजा बरोबरच असायच्या.

चौथ्या आठवड्यात गेलो. मॅडमनी विचारलं, "हे 25 कुठून आले?" मला सांगता येईना. त्या म्हणाल्या, "एकूणात निम्मे 'हो' म्हणाले. स्त्री-पुरुषांत फरकच नसेल, तर 40 स्त्रियांतल्या किती म्हणतील?" वीस! दहा मिनिटांचं काम. पण अंतर्गत परीक्षा आदल्याच आठवड्यात होऊन गेली होती.

ज्यांच्या घरात दोन पिढ्या शिकलेल्या आहेत, ते जेवताना वडिलांना विचारतात. त्याला कुणी मदत म्हणत नाही. माझ्या घरात पहिला पदवीधर मीच. माझ्यासाठी तेच चार तास होते, आणि ते मी स्वाभिमानाच्या नावाखाली सोडले.

आज वस्तीतली पोरं म्हणतात, "दादा, काहीच कळत नाही." मी विचारतो, "कोणत्या ओळीपासून?" ती ओळ सापडली की त्यांना त्याच दिवशी सरांकडे पाठवतो.