दोनशे अक्षरांचा निरोप, दहा केबीचं बिल

गेल्या हंगामात फळछाटणीनंतर विसाव्या दिवशी बागेतलं हवामान यंत्र गप्प झालं. नेमका डाऊनीचा काळ. ॲपवर आदल्या दिवसाचंच रीडिंग दिसत होतं, 'पानं कोरडी'. मी त्यावर विसंबलो. पहाटे पाऊस होऊन गेला होता. पुढं चार ओळींत तेलकट डाग आले, काही घडही गेले.

यंत्र चांगलं होतं, सिमचा ३० एमबीचा डेटा २२ तारखेलाच संपला होता. मला पटेना. यंत्र दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पानओलावा एवढंच पाठवतं, जेमतेम २०० बाइट. सर्व्हरशी जोडणी करायचा खर्च धरूनही १ केबी. दिवसाला १४४ वेळा म्हणजे १४४ केबी, महिन्याला साडेचार एमबीसुद्धा नाही.

मग सिमच्या पोर्टलवर सेशनची यादी उघडली. प्रत्येक ओळीत १० केबी. कुठंही १ नाही, ३ नाही. तिथंच कळलं. यंत्र नेटला जोडतं, निरोप देतं आणि बॅटरी वाचवायला जोडणी तोडतं. हे झालं एक सेशन. सेशन बंद झालं की वापर वरच्या पूर्ण ब्लॉकपर्यंत मोजायचा, असा माझ्या प्लॅनचा नियम, आणि ब्लॉक १० केबीचा. पूर्वी पाच सेकंद बोललं तरी अख्ख्या मिनिटाचे पैसे कटायचे, तसंच. निरोप केवढाही असो, नेटवर्कला जोडणी उभारावी लागते, पत्ता द्यावा लागतो, हिशेबाची नोंद करावी लागते. हे त्यांचं म्हणणं समजतं, पण पॅक विकताना कुणी सांगत नाही याचा राग येतोच.

आता १४४ गुणिले १० म्हणजे दिवसाला १,४४० केबी. ३० एमबी म्हणजे ३०,७२० केबी. एकविसावा दिवस पार पडतो आणि बाविसाव्याला सकाळीच सिम रिकामं. रेंज कमी असेल तर आणखी वाईट, निरोप अर्ध्यात तुटला की पुन्हा जोडणी आणि दुसरा ब्लॉक.

यंत्रवाल्याकडून सेटिंग बदलून घेतलं. रीडिंग दहा मिनिटांनीच घ्यायचं, पण साठवून तासाला सहा एकदम पाठवायची. सहा मिळून सव्वादोन केबीच्या आसपास, म्हणजे तरी एकाच ब्लॉकमध्ये बसतात. दिवसाला २४ ब्लॉक, महिन्याला सात एमबी. निरोप तासभर उशिरा येतो, पण पान किती तास ओलं राहिलं हेच बघायचं असल्यानं डाऊनीला तेवढं चालतं.

मोटरच्या स्टार्टरला मात्र हे करू नका. मोटर कोरडी चालली तर तासाभरानं कळून काय उपयोग? तिथं मी जोडणी सतत चालू ठेवलीय. लाइटवर चालतो, बॅटरीचा प्रश्न नाही, आणि सेशन तुटेपर्यंत वरचा ब्लॉक एकदाच लागतो. साध्या मोबाईलच्या रोज दीड जीबीच्या पॅकमध्ये हे जाणवतही नाही. यंत्राचं सिम घेताना दोनच गोष्टी विचारा: ब्लॉक किती केबीचा, आणि तो सेशनला मोजता की दिवसाला?