अर्थ सांगण्याची घाई

बालकवींची ‘औदुंबर’ अवघ्या आठ ओळींची आहे, पण तिच्या अर्थावर समीक्षकांचं आजही एकमत नाही. मग वर्गात पहिल्या पाच मिनिटांत ‘ही उदास कविता आहे’ असं सांगून टाकायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? माझ्या मते चाळीस मिनिटांच्या तासात अर्थ शेवटी यावा. आधी प्रस्तावनेशिवाय दोनदा सावकाश प्रकट वाचन. तिसऱ्यांदा मुलांनी मनात वाचत रंगांखाली रेघ मारायची. हिरवा, निळा, पांढरा असा प्रवास होत शेवटी पाण्यावर काळिमा पसरतो, हे त्यांना आपसूक दिसतं. मग प्रत्येकाने एकच वाक्य लिहावं: पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड कसं वाटतं आणि कोणत्या शब्दामुळे? कोणाला ते शांत वाटेल, कोणाला एकटं.

यावर आक्षेप येतो की अशाने कोणीही काहीही अर्थ लावील. म्हणूनच ‘कोणत्या शब्दामुळे’ ही अट. कवितेत आधार नसलेला अर्थ तिथेच गळतो. परीक्षेचं काय, हाही प्रश्न रास्त आहे, पण रसग्रहणात तरी दुसरं काय विचारतात?

शेवटची पंधरा मिनिटं लेखनाला. ओळखीच्या एका जागेवर चार ओळी, रंग बदलत जाणारे, भावनेचा एकही शब्द नाही. यमकाची सक्ती केलीत तर ‘आकाश-प्रकाश’च हाती येईल. ती करू नका.