एकही पेला नाहीं!

गेल्या आषाढांतली गोष्ट. माधवनगरच्या आमच्या घरीं दुपारचीं जेवणें आटोपून मी माजघरांत जरा टेकलें होतें, तोंच धाकट्या दिरांची मुलगी टॅरोच्या पत्त्यांचा संच घेऊन आली. चेहरा अगदीं उतरलेला. "काकू, मी हें स्थळ नाकारणार," ती म्हणाली. "प्रश्न लग्नाचा, पांच पानें मांडलीं, आणि त्यांत एकही पेला नाहीं!"

ज्यांस हा प्रकार ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतें. टॅरोचीं पानें ७८. त्यांतलीं २२ स्वतंत्र आणि उरलेलीं ५६ चार रंगांचीं. प्रत्येक रंगाचीं १४. पेले भावनेचे मानितात, तलवारी विचार व वाणी यांच्या, काठ्या उत्साहाच्या आणि नाणीं पैसा, काम व घरदार यांचीं. पंधराव्या शतकांत इटलींत हीं पानें केवळ खेळण्यासाठीं निघालीं. त्यांवरून भविष्य पाहण्याची चाल पुढें अठराव्या शतकांत फ्रान्समध्यें रूढ झाली. आमच्या मुलीच्या संचावर पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीचीं, १९०९ सालीं लंडनमध्यें निघालेलीं चित्रें आहेत.

मीं पुष्कळ वर्षें शाळेंत गणित शिकविलें. भविष्यावर माझा विश्वास नाहीं. पण मोजण्याची संवय सुटत नाहीं. प्रथम संच मोजला. चौदाही पेले जागच्या जागीं होते. नवा संच रंगवारीनें लावलेला येतो व तो नीट पिसला नाहीं, तर एका रंगाचीं पानें तळाशीं गटानें राहतात. म्हणून तेंही विचारलें. पण संच जुना, हाताळलेला. मग कागद घेतला. पहिलें पान पेल्याचें नसण्याचा संभव ७८ त ६४, दुसरें नसण्याचा ७७ त ६३. असे पांच अपूर्णांक गुणिले कीं उत्तर सुमारें ०.३६ येतें. म्हणजे शंभरदां मांडणी केली, तर छत्तीस वेळां पेला दिसणारच नाहीं. तीनच पानें मांडलीं, तर निम्म्याहून अधिक वेळां असेंच होईल. दहा मांडून पेला आला नाहीं, तर ती गोष्ट आठांत एकदां घडणारी. तिच्याकडे थोडें लक्ष द्यावें.

"म्हणजे यांत कांहींच अर्थ नाहीं?" ती हिरमुसली.

"जें आलें नाहीं त्याचें राहूं दे. जें आलें तें दाखव पाहूं."

तिनें पानें पुन्हां तशींच मांडलीं. तिच्या जागीं दोन तलवारी : डोळे बांधलेली बाई, छातीवर आडव्या दोन तलवारी धरलेली. त्याच्या जागीं आठ नाणीं : खालीं मान घालून काम करणारा कारागीर. दोघांना जोडणाऱ्या जागीं सहा नाणीं : तराजू धरून दान देणारा धनिक. अडथळ्याच्या जागीं चार नाणीं : नाणें उराशीं कवटाळून बसलेला मनुष्य. आणि पुढच्या वाटेवर चार काठ्या, वर फुलापानांच्या माळा. जणूं लग्नाचा मांडवच!

पांचांत तीन पानें एकाच रंगाचीं येणें हें पेला नसण्याहून विरळ. चारांपैकीं कोणताही रंग धरला तरी शंभरांत पंधरा वेळांच तसें घडतें. जाणते वाचक अनुपस्थित रंगाचा अर्थ 'ती वस्तु नाहीं' असा करीत नाहींत. 'ती अजून प्रश्नांत आलेली नाहीं' असा करितात. शिवाय प्रेमाचें म्हणून प्रसिद्ध असलेलें 'प्रेमिक' हें पान पेल्यांतलें नव्हेच; तें त्या २२ पैकीं एक आहे.

मीं विचारलें, "तुम्ही तीनदां भेटलांत. बोललांत काय?"

ती बोटें मोजूं लागली. पगार. पुण्याच्या जागेचे हप्ते. त्याच्या आईवडिलांकडे कोणी पाहावयाचें. तिची नोकरी. एवढें सांगून ती थांबली. "आणि?" तिला पुढें कांहीं सांगतां येईना. डोळे बांधलेल्या बाईकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

पानांना हें ठाऊक होतें असें मी म्हणणार नाहीं. दुसरीं पांच आलीं असतीं तरी हा प्रश्न विचारावयाचाच होता. मात्र तो मला तरी सुचला असता कीं नाहीं, कोण जाणे! एक ताकीद मात्र दिली, कीं पेला येईतों पानें पुन्हां पुन्हां मांडावयाचीं नाहींत. तसें केलें कीं पेला येतोच, आणि त्यानें कांहींच सिद्ध होत नाहीं.

पुढच्या रविवारीं ती सांगलीस जाऊन त्याला भेटली. गणपतीच्या देवळाजवळून दोघें कृष्णेच्या घाटावर गेलीं. परत आल्यावर म्हणाली, "काकू, त्याला वाटत होतें, मला हिशोबापलीकडे कांहीं विचारावयाचेंच नाहीं."

अजून होकार नाहीं. पण नकाराचें बोलणें मात्र तिनें तेव्हांपासून काढलेलें नाहीं.