सात सप्टेंबरचा खाडा

मेस कमिटीत मला घेतलं ते 'हिला कॉम्प्युटर येतो' या एकाच कारणावरून. मी कॉन्व्हेंटची. मराठीत एकोणऐंशी म्हणजे नक्की किती हे अजूनही बोटं मोडून ठरवते, त्यामुळे मेसच्या काकांची खाडेवही वाचणं माझ्याच्याने होईना. म्हणून जुलै २०२५ मध्ये मी खाड्यांसाठी गुगल फॉर्म सुरू केला. नाव लिहा, रूम नंबर लिहा, आणि १ ते ३१ पैकी कोणत्या तारखेपासून खाडा ते यादीतून निवडा. नियम जुनाच: आदल्या रात्री दहाच्या आत कळवलं तर पैसे वजा, नाहीतर नाही.

महिना संपला तेव्हा शीटमध्ये तीनशे बारा ओळी होत्या. पहिल्या कॉलममध्ये फॉर्म स्वतःच भरतो तो Timestamp, म्हणजे तारीख आणि वेळ एकाच खणात: `7/9/2025 18:00:00`. रेक्टर मॅडम म्हणाल्या, "मला तारीख वेगळी आणि वेळ वेगळी पाहिजे. कोणत्या दिवशी किती फॉर्म आले ते मोजता आलं पाहिजे."

आता इथे बऱ्याच जणी जे करतात तेच मी आधी केलं. खणाचं फॉरमॅट बदलून नुसती तारीख दिसेल असं केलं आणि मोजायला गेले, तर उत्तर शून्य! कारण वेळ फक्त पडद्यामागे गेली होती, खणात ती होतीच. एक्सेलच्या लेखी ९ जुलै २०२५, संध्याकाळचे सहा म्हणजे 45847.75 हा एक आकडा. 45847 हे दिवस आणि .75 म्हणजे दिवसाचा पाऊण भाग. हे एकदा कळलं की वेगळं करणं म्हणजे पूर्णांक इकडे आणि अपूर्णांक तिकडे, बस्स:

```
=INT(A2)
=MOD(A2,1)
```

पहिल्या कॉलमला तारखेचं फॉरमॅट द्यायचं, दुसऱ्याला hh:mm. फॉरमॅट दिलं नाही तर तिथे 45847 आणि 0.75 दिसतात. घाबरायचं नाही, ते बरोबरच आहेत.

मी हॉस्टेलच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काम करणार होते, म्हणून शीट सीएसव्ही करून पेनड्राइव्हवर घेतली, तिथे डबल क्लिक करून उघडली आणि फॉर्म्युले खाली ओढले. वरच्या ओळी झकास आल्या. खाली मात्र रांगेने #VALUE!. नीट पाहिलं तर १३ जुलैपासून पुढच्या सगळ्या ओळी रुसलेल्या. त्यांचे Timestamp खणात डावीकडे चिकटून बसले होते, आधीचे उजवीकडे.

मी शहाणी! म्हटलं, बिघडलेल्या ओळी खालच्या. त्या मजकूर तोडून तोडून हाताने दुरुस्त केल्या, वरच्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही, मंजूर-नामंजूरची यादी छापली आणि ३ ऑगस्टला नोटीस बोर्डावर लावली.

रात्री फर्स्ट इयरची एक मुलगी दारात उभी. आजी आजारी म्हणून चार दिवस गावी गेलेली. "ताई, माझा खाडा नामंजूर झालाय. मी नऊ तारखेलाच फॉर्म भरला होता."

"मग उशिरा भरला असशील."

"ताई, यादीत लिहिलंय मी सात सप्टेंबरला भरला." जरा थांबून ती हळूच म्हणाली, "सप्टेंबर अजून यायचाय ना?"

चार दिवसांचे पाचशेवीस रुपये. आपल्यासाठी दोन सिनेमे असतील, पण तिने आधीच मेसचं बिल हप्त्याने मागितलेलं होतं. मी यादी काढून आणली आणि पलंगावर पसरून बसले.

झालं होतं असं. आमच्या शीटचं लोकेल अमेरिकेचं होतं, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. ऑफिसातल्या विंडोजची सेटिंग भारताची: दिवस आधी. सीएसव्हीत तारीख नुसत्या अक्षरांत जाते, मागचा 45847 जात नाही. तेव्हा एक्सेलने `7/9/2025` वाचलं आणि बिनदिक्कत ७ सप्टेंबर करून टाकलं. `7/13/2025` मात्र त्याला जमेना, कारण तेरावा महिना नसतो, म्हणून ते तसंच मजकूर म्हणून सोडून दिलं. म्हणजे ज्या ओळींनी बोंब मारली त्या खऱ्या होत्या, आणि ज्या गुपचूप बसल्या त्या चुकलेल्या. १ ते ६ जुलैचे फॉर्म ७ जानेवारी ते ७ जून झाले, म्हणून उशिरा भरलेलेसुद्धा सगळे मंजूर. ८ ते १२ चे ७ ऑगस्ट ते ७ डिसेंबर झाले, ते सगळे नामंजूर. बारा दिवसांत खरा उरला एकच, ७ जुलै, कारण तो उलटा केला तरी तोच! वेळा मात्र सगळ्यांच्या बरोबर होत्या, त्यामुळे यादी वरवर चाळली तर काही खटकत नव्हतं.

त्या रात्रीच परत केलं. मूळ शीट सीएसव्ही न करता .xlsx म्हणून उतरवली. त्यात तारीख आकडा म्हणूनच येते, महिना-दिवसाचं भांडण होत नाही. मग फॉर्म्युले लावण्याआधी एका रिकाम्या कॉलममध्ये =ISNUMBER(A2) खालपर्यंत ओढलं. तीनशे बाराही TRUE. पण पहिल्या वेळी हीच तपासणी केली असती तर तिने खालच्या ओळी पकडल्या असत्या, वरच्या नाही. म्हणून =MIN(A2:A313) आणि =MAX(A2:A313) सुद्धा काढलं. दोन्ही जुलैतच आले तेव्हा जीवात जीव आला. (कुणाकडे सीएसव्हीच असेल तर ती थेट उघडू नका. आयात करताना तो कॉलम Text ठेवा, मग Text to Columns मध्ये Space वर तोडा आणि तिसऱ्या पायरीवर तारखेला MDY सांगा. शेजारचा कॉलम आधी रिकामा करून घ्या, नाहीतर वेळ त्याच्यावर जाऊन बसते.)

एवढं करून सकाळी यादी लावणार, तोच माझी रूममेट ओरडली, "अगं, तुझा स्वतःचाच खाडा नामंजूर आहे!" मी २२ तारखेपासूनचा खाडा १८ लाच कळवला होता. फक्त रात्री ११:४० ला. माझा फॉर्म्युला तारीख आधीची आहे का हे पाहत होता, आणि वेळ दहाच्या आत आहे का हे वेगळं पाहत होता. चार दिवस आधी कळवलं तरी रात्री दहानंतर असेल तर बाद! हॉस्टेलमध्ये दहाच्या आत कोण काय भरतं? तेव्हा छापायला आणि मोजायला वेगळे कॉलम ठेवले आणि निकालासाठी मूळ जोड कॉलमच वापरला (निवडलेली तारीख D मध्ये आहे):

```
=A2<DATE(2025,7,D2)-TIME(2,0,0)
```

म्हणजे खाड्याच्या दिवसाच्या मध्यरात्रीतून दोन तास वजा. सुदैवाने मूळ कॉलम मी पुसला नव्हता.

अशा आणखी एकोणीस घुबडांचे खाडे मंजूर झाले. १ ते ६ तारखेतल्या अकरा जणींचे मात्र गेले, आणि त्यातल्या दोघी अजून माझ्याशी बोलत नाहीत. फर्स्ट इयरवालीचे पाचशेवीस रुपये पुढच्या बिलात वजा झाले. काकांनी नवी यादी उलटसुलट करून पाहिली, सप्टेंबर कुठे नाही ना याची खात्री केली आणि आपली खाडेवही परत गल्ल्याखाली ठेवली. ती ते अजून रोज भरतात.