सम जुळते, हात जुळत नाही

नांदेडला झालेल्या एका स्वतंत्र तबलावादनाचं चित्रीकरण संकलनासाठी माझ्याकडे लातूरला आलं. तबलजी स्वतः लोहा, अहमदपूर, चाकूर असा प्रवास करून हार्ड डिस्क घेऊन आले होते आणि संकलनाला शेजारी बसणार होते. नांदेडचा श्रोता संगीत शंकर दरबारात मोठमोठ्या कलावंतांना ऐकत आलेला आहे. चित्रात हात एक वाजवतोय आणि ऐकू दुसरंच येतंय, हे त्याच्या नजरेतून सुटणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

चित्रण तीन कॅमेऱ्यांचं होतं. एक मंचाच्या अगदी पुढ्यात होता आणि त्यात फक्त हात दिसत होते. दुसरा बाजूला, श्रोत्यांच्या पहिल्या रांगेजवळ होता. तिसरा सभागृहाच्या शेवटी, साधारण पंचवीस मीटरवर होता आणि सगळा मंच टिपत होता. शिवाय संवादिनीवाल्याच्या शेजारून कुणीतरी मोबाइलवर घेतलेले काही तुकडे होते. ते तबलजींना फार आवडले होते, कारण त्यांत बोटं वरून दिसत होती. मुख्य आवाज मात्र मिक्सरमधून थेट रेकॉर्डरवर घेतलेला होता. कॅमेऱ्यांचे आवाज अंतिम फितीत वापरायचे नव्हते, त्यांचं काम फक्त जुळणीपुरतं होतं.

मोबाइलचा फ्रेमदर सतत बदलत असतो, म्हणून ते तुकडे आधी सरळ २५ फ्रेमला रूपांतरित करून घेतले. मग प्रीमिअरमध्ये सगळ्या क्लिप निवडून Create Multi-Camera Source Sequence उघडलं आणि जुळणीसाठी Audio निवडलं. इथे सॉफ्टवेअर काय करतं, ते समजून घेणं फार महत्त्वाचं आहे. ते एका आवाजाचा आलेख दुसऱ्यावर ठेवून पुढे-मागे सरकवत जातं, प्रत्येक जागी दोन्ही किती सारखे आहेत ते मोजतं आणि जिथे साम्य सर्वांत जास्त, तिथे क्लिप बसवतं. त्याला चित्र दिसत नाही आणि तालही कळत नाही.

थोड्या वेळात सगळं टाइमलाइनवर बसलं. समा नेमक्या समांवर होत्या. पण मोबाइलचा एक तुकडा लावताच तबलजी म्हणाले, "दादा, थांबा जरा. आवाजात धिरधिरचा रेला चाललाय आणि माझं बोट चाटेवर आहे. धिरधिर मी चाटेवर कसा वाजवीन?"

मी तो तुकडा पुन्हा लावला. त्यांचं बरोबर होतं. धिरधिरला तळहात शाईवर लागतो, चित्रात मात्र तर्जनी काठावर पडत होती. तरीही सम सुटत नव्हती, लय सुटत नव्हती, संवादिनीचा लेहरा तर स्वराला स्वर जुळत होता.

कारण लेहऱ्यातच होतं. स्वतंत्र वादनात संवादिनी तीच सुरावट दर आवर्तनाला तशीच फिरवत राहते. तीनतालाच्या सोळा मात्रा आणि मिनिटाला साधारण ८० मात्रांची लय धरली, तर आवर्तन बारा सेकंदांचं होतं, म्हणजे ३०० फ्रेम. मोबाइल संवादिनीला खेटून होता, त्यामुळे त्याच्या आवाजात तबला दबलेला आणि लेहरा ठळक. तुकडाही जेमतेम तीन आवर्तनांचा. सॉफ्टवेअरला दर बारा सेकंदांनी जवळजवळ सारखंच साम्य सापडत होतं आणि त्यातली एक जागा त्याने उचलली. तासाभराची सलग क्लिप असती, तर अनेक वेगळ्या जागांचा पुरावा एकत्र होऊन खरी जागा उठून दिसली असती. छोट्या तुकड्यात तो पुरावाच नव्हता.

अशा वेळी पुन्हा एकदा न येणारा आवाज शोधावा लागतो. मिक्सरच्या आवाजात श्रोत्यांची दाद जवळजवळ नव्हती. बाजूच्या कॅमेऱ्यात मात्र एक मोठा "क्या बात है" होता आणि मोबाइलमध्येही तो पुसटसा ऐकू येत होता. बाजूचा कॅमेरा आधीच नीट बसला होता, म्हणून मोबाइलचा तुकडा मिक्सरशी नव्हे, त्या कॅमेऱ्याशी जुळवला. तुकडा बरोबर एक आवर्तन मागे सरकला. तबलजींनी बोटं पाहिली आणि मान हलवली.

मागच्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी होती. पुढच्या कॅमेऱ्यावरून त्याच्यावर कट केला, की हात किंचित आधी पडल्यासारखा वाटायचा. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. पंचवीस मीटर अंतराला त्याला सत्तर मिलिसेकंदांहून थोडा जास्त वेळ लागतो आणि २५ फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. म्हणजे त्या कॅमेऱ्याला हात वेळेवर दिसला, पण थाप जवळपास दोन फ्रेम उशिरा ऐकू आली. सॉफ्टवेअरने त्याचा उशिराचा आवाज मिक्सरच्या वेळेवरच्या आवाजाला जुळवला आणि त्यासाठी अख्खी क्लिप अलीकडे ओढली. आवाज जुळला, चित्र दोन फ्रेम पुढे पळालं. मल्टिकॅम सीक्वेन्स उघडून ती क्लिप Alt+Right दोनदा दाबून उजवीकडे सरकवली, तेव्हा थाप आणि हात एकत्र आले. आता दोन आलेख एकमेकांखाली पाहिले तर ते चुकलेले दिसतात, आणि ते तसेच असायला हवेत. इथे कानापेक्षा डोळ्याचं ऐकायचं.

याच अंतरावरून परिसंवाद चित्रित केला असता, तर बहुधा कुणाला काही जाणवलं नसतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तर लक्षात येतो, पण उशिरा आला तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत तो खपून जातो. बोलणाऱ्याच्या ओठांना ही सवलत मिळते. तबल्याच्या थापेला मी ती देत नाही. तिथे आघाताचा क्षण उघड दिसतो, आणि जवळच्या कॅमेऱ्यावरून लगेच लांबच्यावर गेलं की फरक बोचतो.

सुरुवात अशी नीट बसवल्यावर मी थेट शेवटच्या चक्रदारावर गेलो. तिथे मागच्या कॅमेऱ्यातला हात पुन्हा आधी पडत होता, या वेळी तीन फ्रेमने. अंतर तर बदललं नव्हतं. फरक आरंभापासून अखेरपर्यंत सारखा असेल तर तो अंतराचा, आणि हळूहळू वाढत गेला तर तो घड्याळांचा. कॅमेरा आणि रेकॉर्डर आपापल्या क्रिस्टलवर चालतात. त्यांच्यात दहा लाखांत वीस इतका फरक असला, तरी शंभर मिनिटांच्या सलग चित्रणात १२० मिलिसेकंद, म्हणजे तीन फ्रेम जमा होतात. वेग बदलून हे दुरुस्त करता आलं नाही, कारण प्रीमिअरमध्ये वेगाची टक्केवारी दोन दशांश स्थळांपर्यंतच देता येते आणि इथला फरक त्याहून बारीक होता. म्हणून पेशकार संपताना, कायद्यांच्या मधे आणि रेल्याच्या आधी, जिथे पडद्यावर दुसरा कॅमेरा होता, तिथे मागच्या कॅमेऱ्याची क्लिप कापली आणि प्रत्येक वेळी पुढचा भाग एका फ्रेमने उजवीकडे सरकवला. मिक्सरच्या आवाजाला हात लावला नाही.

हे सगळं झाल्यावर तबलजींनी चक्रदार तिन्ही कोनांतून वेगवेगळा पाहायला मागितला. मी एकेक कोन लावत गेलो आणि ते मांडीवर मात्रा मोजत पाहत राहिले. जाताना त्यांनी नांदेडच्या कॅमेरावाल्यांसाठी माझ्याकडून निरोप लिहून घेतला. निवेदक बोलायला लागण्याआधी सगळे कॅमेरे सुरू करा, कारण बोलणं लेहऱ्यासारखं परत येत नाही. कॅमेऱ्याच्या आवाजाची ऑटो पातळी बंद ठेवा, नाहीतर थाप आणि शांतता दोन्ही एकाच उंचीची दिसतात. आणि मोबाइल मधेच थांबवू नका.