रेनकोट गळतो तो शिवणीतून

रत्नागिरीपासून माझी शाळा तेरा किलोमीटरवर. जून ते सप्टेंबर हे अंतर स्कूटरवर, रेनकोट घालून. जुना रेनकोट फाटला म्हणून मे महिन्यात ऑनलाइन नवा मागवला, जॅकेट आणि पँट मिळून साडेचौदाशे रुपयांना. आता पूर्ण पावसाळा तो वापरला आहे, म्हणून लिहिते.

कापड पॉलिस्टरचं, आतून वॉटरप्रूफ लेप दिलेला. वर्णनात लिहिलं होतं, ३००० मिमी. म्हणजे तीन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब कापड सहन करतं. आकडा वाचून मी निर्धास्त झाले. पण तो आकडा कापडाचा, शिवणीचा नव्हे. सुईनं पाडलेलं प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याची वाट. ती बुजवायला आतून शिवणीवर पट्टी चिकटवलेली असते. रेनकोट घेताना आधी उलटा करून ती पट्टी पाहायची, हे मला नंतर कळलं.

कसं कळलं ते सांगते. पहिल्या मोठ्या पावसात अर्धा तास गाडी चालवून शाळेत पोहोचले. जॅकेट काढलं, वरचा कुर्ता कोरडा. पँट काढली आणि सलवार मागून ओलीचिंब. पहिला तास सातवीचा, उर्दूचा. फळ्यावर लिहायचं तर मुलांकडे पाठ करावी लागणार. मी ओढणी मागे सोडली, खुर्चीवर बसून तोंडीच शिकवलं. मधल्या सुट्टीत एक सहकारी बाई म्हणाल्या, "अहो, घाम असेल, या कापडात येतोच."

शंका रास्त होती. घाम आणि गळती ओळखायची कशी? घामानं पाठ, दंड असे भाग सगळीकडे सारखे दमट होतात. गळतीची ओल रेघेनं सुरू होते आणि तिथून पसरते. पाऊस नसलेल्या दिवशी तोच रेनकोट घालून तेवढंच अंतर गेले. पाठ जराशी दमट झाली, बसायची जागा कोरडी. म्हणजे घाम नव्हता.

संध्याकाळी पँटचा बसायचा भाग बादलीवर पसरला, बाहेरची बाजू वर ठेवून खोलगट केला आणि दोन तांबे पाणी ओतलं. बादलीत खाली कोरडं वर्तमानपत्र ठेवलं होतं. दहा मिनिटांत कागदावर थेंब पडले, दोन्ही पायांच्या शिवणी जिथे मिळतात बरोबर त्या जागी. आत पाहिलं तर पट्टी त्या चौकाच्या आधीच संपलेली. स्कूटरच्या सीटच्या खळग्यात पाणी साचतं, वरून आपलं वजन. सगळ्यात जास्त दाब तिथेच, आणि पट्टी नेमकी तिथेच नाही!

परत करायची मुदत सात दिवसांची होती. ते सात दिवस मे महिन्यात कोरडे गेले होते. विक्रेत्यानं वापरलेला माल म्हणून नकार दिला. माझी चूक एवढीच की पावसाची वाट पाहिली. बादली तर पहिल्या दिवशीही घरात होती.

मग शिवणीवर लावायचं सीलंट मागवलं. आपल्या कापडाच्या लेपाला चालेल असंच घ्यावं, सिलिकॉनच्या कापडाचं वेगळं असतं. पँट पुसून पूर्ण वाळवली, आतून ब्रशनं दोन पातळ हात दिले आणि एक दिवस टांगून ठेवली. बादलीची परीक्षा पुन्हा घेतली. अर्ध्या तासानंतरही कागद कोरडा. जुलै-ऑगस्ट निभावले.

मापाचंही सांगते. तक्त्याप्रमाणे एल मागवला. आरशासमोर उभं राहून छान बसला. पण हँडल धरलं की बाही मनगटापासून तीन बोटं वर जाते आणि पाणी कोपरापर्यंत उतरतं. लांब कुर्ता आत घडी पडून कमरेशी गोळा होतो. सलवार-कुर्त्यावर घालणाऱ्या बायकांनी एक माप मोठं घ्यावं आणि घरात स्कूटरवर बसून पाहावं. टोपी मात्र मी हेल्मेटच्या आत घालत नाही. हेल्मेट नीट बसत नाही, आणि वळताना मागचं दिसायला टोपी आड येते. स्कार्फवर सरळ हेल्मेट आणि जॅकेटची कॉलर गळ्याशी घट्ट, एवढं पुरतं.

सप्टेंबरअखेर जॅकेटच्या खांद्यावरची पट्टी घडीच्या जागी सुटू लागली आहे. ओला रेनकोट डिकीत कोंबल्याचा हा परिणाम. आता तो सावलीत टांगते, इस्त्री तर चुकूनही लावत नाही, उष्णतेनं पट्टी सुटते.

जॅकेट चांगलं, पँट अर्धी चांगली. पुढच्या मे महिन्यात नवीन घेतला तर पार्सल उघडल्याबरोबर आधी दोन तांबे पाणी.