सभामंडप बुक आहे, असं मी खोटं बोललो

विठ्ठलवाडीला आमचं विठ्ठल मंदिर लहान आहे. गाभारा, पुढे पत्र्याचा सभामंडप आणि बाजूला एक हॉल. हॉलमध्ये साखरपुडे, बारशी, वर्षश्राद्धाची जेवणं होतात. त्याच्या भाड्यातून विजेचं बिल आणि पुजाऱ्यांचं मानधन निघतं. मी एस.टी.त कारकून होतो. निवृत्त झाल्यावर ट्रस्टचा चिटणीस झालो. कागद नीट लावून ठेवतो, एवढीच माझी पात्रता.

२०२४च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. दुसऱ्याच दिवशी कोजागिरी होती आणि तिथून आमचा काकडा सुरू झाला. कार्तिकी एकादशी १२ नोव्हेंबरला, मतदान २० तारखेला. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त माणसं मंदिरात येतात तो महिना आणि प्रचाराचा महिना एकच. हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. आलं नाही.

५ नोव्हेंबरला संध्याकाळी हरिपाठ संपल्यावर चार मुलं आली. पुढे होता तो आमच्याच चाळीतला. लहानपणी दिंडीत टाळ घेऊन माझ्या पुढे चालायचा. "काका, एकादशीला कीर्तनानंतर साहेब येणार आहेत. सभामंडपातच छोटा कार्यक्रम करू. सत्कार, दहा मिनिटं मनोगत, बाकी काही नाही. तुमच्या लेटरहेडवर ना हरकत पत्र तेवढं द्या, परवानगीच्या अर्जाला जोडायचंय."

मला नाही म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते असं : "अरे, त्या दिवशी सभामंडप बुक आहे. बाहेरचं भजनी मंडळ येतंय."

तो म्हणाला, "मग रविवारी, दहा तारखेला करू. रविवारी माणसंही जास्त येतील."

आता काय बोलणार? तारखेची अडचण सांगितली, त्याने तारीख बदलली. मी खजिनदारांकडे पाहिलं. ते म्हणाले, "बघू, मीटिंगमध्ये ठेवतो." मुलं खुशीत गेली. आपल्याकडे 'बघू' म्हणजे काय हे खजिनदारांना एका अर्थाने माहीत होतं, मुलांना दुसऱ्या.

७ तारखेला दुपारी सुनेने मोबाइल पुढे केला. चाळीच्या ग्रुपवर रंगीत निमंत्रण फिरत होतं. साहेबांचा फोटो, पक्षाचं चिन्ह आणि खाली 'स्थळ : विठ्ठल मंदिर सभामंडप, विठ्ठलवाडी'. ते वाचून माझे हात गार पडले. पत्र दिलं नव्हतं, पण मंदिराचं नाव लागलं ते लागलंच.

त्या रात्री तातडीची सभा बोलावली. सातपैकी पाच विश्वस्त आले. चर्चा सोपी झाली नाही. एकजण म्हणाले, "पेव्हर ब्लॉक त्यांनीच बसवून दिले, विसरलात का?" विसरलो नव्हतो. दुसरे म्हणाले, "साहेब येऊन आरती करणार. आरती देवाचीच की." अध्यक्ष गप्प होते. त्यांच्या मुलाचं दुकान रस्त्यावर आहे. त्यांना कशाची काळजी वाटत होती ते सगळ्यांना कळत होतं. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

कोंडी फोडली ती आमच्या एका विश्वस्त ताईंनी. त्या कोर्टात नोकरीला होत्या. त्यांनी १९८८च्या केंद्राच्या कायद्याची प्रत आणली होती. धार्मिक संस्थांचा गैरवापर रोखण्यासाठीचा हा कायदा, क्रमांक ४१. चिटणीस असून मी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

त्यांनी तीनच गोष्टी वाचून दाखवल्या. कलम ३ : संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली कोणतीही जागा राजकीय कामाच्या प्रचारासाठी वापरायची नाही आणि वापरूही द्यायची नाही. कलम ६ : संस्थेने भरवलेला उत्सव, मेळावा किंवा मिरवणूकसुद्धा त्यासाठी वापरू द्यायची नाही. कलम ७ : मोडलं तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. ही शिक्षा पाहुण्याला एकट्याला नाही. संस्था चालवणारे आणि त्या कामात हात असलेला प्रत्येकजण त्यात येतो. दोषी ठरलं तर पद जातंच.

पेव्हर ब्लॉकवाले म्हणाले, "मग सभामंडप नको, हॉल देऊ. हॉल काही देऊळ नाही. भाड्यानेच जातो." ताईंनी कलम ३ पुन्हा वाचलं. 'संस्थेच्या मालकीची किंवा ताब्यातली कोणतीही जागा.' हॉल आमच्याच नावावर आहे. पुढचं मोकळं अंगणसुद्धा. भाडं घेतलं म्हणून काही बदलत नाही.

ठराव झाला. मी पत्राचा मसुदा लिहिला. त्यात कारण म्हणून एकच ओळ होती : 'आचारसंहिता लागू असल्याने.' ताईंनी ती खोडली. "आचारसंहिता महिन्याभरात उठेल. मग काय सांगाल? १९८८चा कायदा बारा महिने असतो. तो लिहा." शेवटी पत्र असं गेलं :

'आपला कार्यक्रम मंदिराचा सभामंडप, हॉल किंवा आवारात घेण्यास संस्था परवानगी देऊ शकत नाही. धार्मिक संस्थांच्या गैरवापरास प्रतिबंध करणाऱ्या १९८८च्या कायद्यातील कलम ३ व ६ नुसार तसे करण्यास आम्हांस मनाई आहे. हा निर्णय सर्व पक्ष व सर्व उमेदवारांसाठी सारखाच आहे. दर्शनासाठी आपले नेहमीप्रमाणे स्वागत आहे. प्रसृत झालेल्या निमंत्रणातून मंदिराचे नाव आजच काढावे ही विनंती.'

खाली ठरावाचा क्रमांक, तारीख आणि पाचही जणांच्या सह्या. सगळ्यांच्या सह्या हव्यात हा अध्यक्षांचा आग्रह होता. तो बरोबर होता. नुसती माझी सही असती, तर पुढचे फोन मला एकट्याला आले असते.

८ तारखेला सकाळी मी आणि अध्यक्ष पक्षाच्या कार्यालयात गेलो. आधी फोन केला नाही. फोनवर बोलणं लांबतं, आणि लांबलं की मी मऊ पडतो. मुलगा होता, त्याच्या वरचे एक पदाधिकारीही होते. मी आधी मुलाला म्हणालो, "परवा मी तुला सभामंडप बुक आहे म्हटलं, ते खोटं होतं. खरं कारण या पत्रात आहे." हे म्हणायला मला फार जड गेलं. वय ६६, आणि टाळ धरायला शिकवलेल्या मुलासमोर खोटं कबूल करायचं.

पदाधिकाऱ्यांनी पत्र वाचलं. म्हणाले, "हळदीकुंकू म्हणून घेऊ. महिलांचा कार्यक्रम. भाषण नको." अध्यक्ष म्हणाले, "भाऊ, बॅनरवर नाव कुणाचं असेल?" ते हसले. मग म्हणाले, "पुढच्या वेळी शेडचं काम असेल तेव्हा बघू." त्यावर आम्ही काहीच बोललो नाही. बोलून काही मिळालं नसतं. दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' म्हणून सही आणि वेळ घेतली, चहा घेतला, निघालो.

तिथूनच पत्राची एक प्रत पोलीस ठाण्यात आणि एक निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात दिली. दोन्हीकडे आवकचा शिक्का घेतला. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. गैरवापर होतोय किंवा होणार आहे असं दिसलं, तर पोलिसांना कळवणं हे त्याच कायद्याने आमच्यावर टाकलेलं काम आहे, असं ताईंनी सांगितलं होतं. ठाण्यातल्या साहेबांनी एक साधी गोष्ट सांगितली. "दर्शनाला कोणीही येऊ दे. बॅनर कुणाचा लागतो आणि माइक कुणाच्या हातात जातो, एवढं सांभाळा."

संध्याकाळी ग्रुपवर नवं निमंत्रण आलं. स्थळ बदललं होतं. जवळचं एक खासगी लॉन.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षाची माणसं हजर. "तुम्ही त्यांना मंदिर दिलंत म्हणे. मग आम्हालाही द्या." जुनं निमंत्रण त्यांच्यापर्यंत पोचलं होतं, नवं पोचलं नव्हतं. मी ठराव दाखवला, पहिल्या पत्राची प्रत दाखवली. तेच पत्र, फक्त नाव बदलून, त्यांनाही दिलं. पाच मिनिटांत ते गेले.

एकादशीला आम्ही तयारीत होतो असं वाटत होतं. कीर्तनकार बुवांना आधीच विनंती केली होती की कुणाचं नाव घेऊन स्वागत करू नका. दारावर दोघं उभे केले. साहेब आठच्या सुमारास आले, बरोबर पंधरावीस जण. दारावरच्यांनी हात जोडून सांगितलं, "गळ्यातलं उपरणं तेवढं काढून या." साहेबांनी स्वतः आधी काढलं आणि खिशात घातलं, मग बाकीच्यांनी काढलं. रांगेत उभे राहिले, पायांवर डोकं ठेवलं. त्यांच्या बाजूने काही वावगं झालं नाही, हे सांगितलं पाहिजे.

चूक आमच्याकडून झाली. बुवा पाणी प्यायला थांबले आणि आमच्याच भजनी मंडळातल्या एका उत्साही गृहस्थांनी माइक ओढला. "आपल्या मंदिरात आज आपले लाडके..." मी ॲम्प्लिफायरपाशीच बसलो होतो. बटण बंद केलं. गृहस्थ ओठ हलवत राहिले, माणसं हसली. बुवांनी ओळखलं आणि मृदंगवाल्याला खूण केली. कीर्तनकार सोडून आणखी कुणाला सांगायला हवं, हे आम्हाला सुचलंच नव्हतं.

दुसरी गोष्ट नंतर कळली. खिचडीच्या द्रोणांची चळत ठेवली होती, तिथे कुणीतरी प्रचाराची पत्रकं खोचून गेलं होतं. वाढायला बसलेल्या बायकांनी ती काढून एका पिशवीत भरली आणि पिशवी माझ्याकडे दिली. कुणी ठेवली ते शोधलं नाही.

काकड्याच्या समाप्तीला दरवर्षी येणारी एक देणगी त्या वर्षी आली नाही. अन्नदानाला तांदूळ कमी पडला, तो तीन घरांतून गोळा केला. शेडचा एक पत्रा अजून गळतो. मुलगा माझ्याशी सात-आठ महिने बोलत नव्हता. जिन्यात समोर आला की मोबाइलमध्ये बघायचा. याचं मला जास्त लागलं.

आषाढीला मात्र तो आला, न सांगता चपलांच्या स्टँडवर उभा राहिला. जाताना माझ्यापाशी थांबला.

"काका, आता आचारसंहिता नाही ना?"

"नाही."

"मग साहेबांचा वाढदिवस हॉलमध्ये घेतला तर? केक आणि वह्यावाटप."

मी कपाटातून फाइल काढली आणि त्याच्यासमोर ते पत्र ठेवलं. त्याने उभ्याउभ्या वाचलं. आचारसंहितेचं नाव त्यात कुठेच नव्हतं.

"म्हणजे कधीच नाही," तो म्हणाला.

"हॉल साखरपुड्याला मिळेल. तुझ्या," मी म्हणालो. तो हसला आणि फोटो काढून घेऊन गेला, वर दाखवायला.